अरबी नाखवा, इंग्रजी मास्तर आणि भावजींची दोरी

मी शाळेत चौथीपर्यंत गेलो. मास्तरांनी हाकललं नाही, मीच उठून आलो, हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं शिक्षण समुद्रावर झालं. मालवाहू गलबतावर खलाशी म्हणून बसरा, कुवेत, बहारीन अशा फेऱ्या केल्या आणि खजुराच्या धक्क्यावर बसून अरबी शिकलो. वाचायला येत नाही, पण अरबाशी भांडून जिंकण्याइतकी येते. भाषा येते की नाही ते भांडणातच कळतं.

एकोणीसशे पन्नास-साठच्या दरम्यानची गोष्ट. मी दर्या सोडून विजयदुर्गाच्या खाडीत बहिणीकडे राहायला आलो होतो. तिचे यजमान, म्हणजे माझे भावजी, गलबतं बांधणारे मिस्त्री. एकदा सुकाणू मोडलेलं एक अरबी गलबत खाडीत शिरलं. भावजींनी सुकाणू असं बसवून दिलं की त्याचा नाखवा खूश झाला आणि म्हणाला, माझ्या मालकाला नवं गलबत हवंय, तूच बांध. कसं हवं, असं मी अरबीत विचारलं. तो खाडीकडे हात फिरवून म्हणाला, "अतवल, व अमतन," आणि नमाजाला निघून गेला.

बोलणं पक्कं करायला कागद हवा. मालकाच्या मुंबईच्या अडत्याला इंग्रजीशिवाय काही वाचता येत नव्हतं. म्हणून आम्ही हायस्कुलातल्या इंग्रजीच्या मास्तरांना बोलावलं. माणूस घाटावरचा, स्वभावाने सरळ, पण व्याकरणाचा भारी कडक. बहिणीने पडवीत चटई घातली, चहा ठेवला. मास्तरांनी टाक बुडवला.

"काय म्हणाला नाखवा?"

"लांब आणि मजबूत," मी म्हटलं.

"नुसतं लांब?"

"नुसता न्हय. लांब म्हणजे तवील. तो अतवल म्हणालो. मजबूत म्हणजे मतीन, तो अमतन म्हणालो."

"म्हणजे जास्त लांब की सगळ्यांत लांब?"

"दोनय."

मास्तरांचा टाक वरच राहिला. "असं कसं? इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत. लाँगर आणि लाँगेस्ट. लांबलचक शब्द असेल तर शेपटी लागत नाही, आधी मोर किंवा मोस्ट लावायचं. मोर ड्युरेबल, मोस्ट ड्युरेबल. मी कोणतं लिहू?"

"अरबीत एकच आसा. कबीर म्हणजे मोठो, त्याचा अकबर; जमील म्हणजे सुंदर, त्याचा अजमल. एक साचो, त्यात घातलो की झाला. मागसून 'मिन' इला तर 'पेक्षा'. फुडे 'अल' लावलो, नायतर 'अतवल मरकब' असा जोडून म्हटला, तर 'सगळ्यात'. मरकब म्हणजे गलबत."

"मग त्याने मिन लावलं की अल?"

"कायच लावूक नाय. उघडोच सोडल्यान."

"मग मला कसं कळणार?"

"तुमका कित्या कळाक व्हया? आपल्या भाषेत तरी 'मोठो' बदलता काय? ह्याच्यापेक्षा मोठो, सगळ्यात मोठो. मोठो तो मोठोच. तुमच्या इंग्रजीचाच कायतरी बिघडलाहा."

बहीण दारातून म्हणाली, "मास्तरांनू, चहा घेवा. ह्येका पटवूक गेलास तर भरती येतली नि जातली."

आमचं असं चाललं होतं आणि भावजी कोपऱ्यात गप्प होते. मला वाटलं, त्यांना यातलं काही कळत नसेल. पण सगळ्यांत जास्त काळजी त्यांनाच होती. ते हळूच म्हणाले, "नाखव्याचा सोडला तर खाडीत दोनच गलबता आसत. एक माझा, एक गावच्या शेटजींचा. शेटजींचा केवढा थोरला, तुमी बघतासच. माझ्याकडे तळाच्या कण्याक सागाचो जो अखंड सोट आसा, तो माझ्या गलबतापेक्षा थोडो लांब भरतलो. शेटजींच्या गलबताक पुरूचो नाय. सगळ्यात लांब व्हया आसात तर माका नाय म्हणूक व्हया."

तेव्हा कुठे मला कळलं की मास्तर एका अक्षरावर अडले असले, तरी खरा प्रश्न भावजींच्या लाकडाचा होता. परदेशी मालकाचं पहिलंच काम, आणि उद्याच्या भरतीला नाखवा जाणार.

"मग जा की, विचारून ये," मास्तर म्हणाले.

मी गेलो नाही. साऱ्या गावाला ठाऊक की मला अरबी पाण्यासारखी येते. आता जाऊन 'तू काय बोललास ते मला कळलं नाही' असं विचारू? समुद्रात बुडीन, पण तसं विचारणार नाही.

भावजींनी माझ्याकडे पाहिलं, थोडे हसले आणि उठून आढ्याला टांगलेली दोरी काढली. आमच्याकडे गलबत कागदावर काढून कोणी बांधत नसे. गिऱ्हाइकाच्या हातात दोरीचं टोक द्यायचं. किनाऱ्यावरच्या ज्या गलबतासारखं हवं, त्याच्या नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, तो दोरी धरून चालत जाणार, आणि हवी तेवढी पुढे नेऊन स्वतः गाठ मारणार. त्या गाठीवर मिस्त्री काम धरणार. ही रीत भावजींच्या आजोबांपासूनची, आणि बंदरोबंदरी फिरणाऱ्या नाखव्यांना ठाऊक असलेली.

आम्ही तिघे किनाऱ्यावर गेलो. नाखव्याच्या हातात मी दोरी दिली, तोंडातून शब्द काढला नाही. दोन्ही गलबतं समोर ओढून ठेवलेली. नाखवा शेटजींच्या गलबताकडे वळला. त्याने त्या गलबतावर एकदा थाप मारली, नाही म्हणून मान हलवली आणि परत फिरून भावजींच्या गलबताच्या नाळेला दोरी लावली. चालत चालत मागच्या टोकाच्या थोडा पुढे गेला, गाठ मारली.

"अतवल मिन हाधा," तो म्हणाला.

"ह्याच्यापेक्षा लांब," मी मास्तरांना सांगितलं. "घाला तुमची लाँगर."

मग नाखव्याने भावजींच्या गलबताच्या फळ्यांवर मुठी आपटल्या, खाडीभर हात फिरवला. "व अमतन मरकब फिल खोर!"

"खाडीतला सगळ्यात मजबूत."

"मोस्ट ड्युरेबल," मास्तर पुटपुटले आणि थबकले. "थांबा. दोनच असतील तर मोर म्हणायचं. मोस्टला तीन लागतात."

"नवीन धरून तीनच होतत!" भावजी पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. "लिवा मोस्ट. मजबुतीक सोट पुरूचो लागना नाय, ती माझ्या हातात आसा."

मास्तरांनी तिथेच, उलट्या होडीवर कागद ठेवून लिहिलं. एकाच ओळीत एक लाँगर, एक मोस्ट. नाखव्याने अंगठा उमटवला आणि भरतीबरोबर गेला.

गलबत व्हायला दोन पावसाळे गेले. पाण्यात लोटलं त्या दिवशी नाखवा स्वतः न्यायला आला होता. नारळ फुटला, ओंडक्यांवरून ते घसरत गेलं आणि पाण्यावर असं बसलं, जसा बगळा बसतो. नाखवा ओरडला, "अजमल!"

मास्तर माझ्या कानाशी लागले. "मोर ब्यूटिफुल की मोस्ट?"

मी भावजींकडे पाहिलं. ते कंबरेएवढ्या पाण्यात उभे होते, हात गलबताच्या अंगावर, डोळे भरलेले.

"त्येंकाच इचारा," मी म्हटलं.

मास्तरांनी विचारलं नाही. गलबताकडे बघत म्हणाले, "मोस्ट. दुसरं दिसतच नाहीये मला."

मास्तर पुढे वर्षानुवर्षं गावात सांगायचे, की शेवटी याला त्या नाखव्याला विचारावंच लागलं. साफ खोटं. मी विचारलं नाही. विचारलं ते दोरीने.