वहिनीच्या पाठीवर चढवलेला लेअर

वहिनीला मी दादाची ट्रॅकपँट आणि जुना टी-शर्ट घालायला लावला, तेव्हा शेजारच्या मळ्यातल्या बायका खुरपणं सोडून बांधावर येऊन उभ्या राहिल्या. मनगटं, दंड, मांड्या, पोटऱ्या, कंबर, कपाळ, सगळीकडे मी तिला काळे पट्टे बांधत होतो. प्रत्येक पट्ट्यात काडेपेटीएवढा सेन्सर होता.

"भाऊजी, शॉक नाय ना बसत?"

"बसला तर दादाला सांगू नको," मी म्हटलं. ती हसली, आणि बांधावरच्या बायका तिच्याहून जास्त हसल्या.

शहरात, इंदिरानगरातल्या एका फ्लॅटमध्ये मी आणि माझा भागीदार अ‍ॅनिमेशनचा स्टुडिओ चालवतो. एका खतकंपनीच्या जाहिरातीसाठी आम्हाला झेंडूच्या वाफ्यातून क्रेट घेऊन चालणारी बाई हवी होती. बाहुली आम्ही कम्प्युटरवर बनवणार, पण तिची चाल खऱ्या माणसाच्या अंगावरून उचलायची, याला मोशन कॅप्चर म्हणतात. भागीदार म्हणत होता, नाटकातली एखादी मुलगी बोलावू. मीच छाती फुगवून सांगितलं, माझ्या घरात खरीखुरी शेतकरीण आहे, तिचं सोंग घेणारी कशाला आणायची? आणि सेन्सरच्या आसपास लोखंड असलं की ते बिथरतात, त्यामुळे आमच्या मळ्यासारखी मोकळी जागा नाही, असंही वर ठोकून दिलं.

वहिनीची चाल बघण्यासारखी आहे. क्रेट कमरेवर, मान ताठ, दुसरा हात मोकळा, आणि पाय असे टाकते की कुणाशी भांडायला निघालीय की भांडण जिंकून परत येतेय ते कळू नये. लग्न होऊन आली तेव्हापासून आई म्हणायची, "हिला जरा हळू चालायला सांगा." कुणी सांगितलं नाही. त्या सकाळी लॅपटॉपच्या पडद्यावर एक करडा सांगाडा तसाच ताठ चालत गेला, आणि मला कौतुकाने भरून आलं.

आता थोडं कामाचं सांगतो, कारण पुढची सगळी लाज त्यातूनच निघाली. अशा चालीत दर फ्रेमला प्रत्येक सांध्याची नोंद असते. एका सेकंदात पंचवीस-तीस फ्रेम. त्यातली एखादी नोंद हाताने हलवलीत तर तेवढ्या फ्रेमपुरतं बाहुलीला झटका बसल्यासारखं दिसतं, आणि सगळ्या हलवायला बसलात तर मूळ चाल हातची जाते. म्हणून माया सॉफ्टवेअरमध्ये आम्ही मूळ चालीला हात लावतच नाही. तिला कुलूप घालतो आणि तिच्यावर एक लेअर चढवतो. अ‍ॅडिटिव्ह लेअर. त्यात तुम्ही जे फिरवाल, वाकवाल, ते खालच्या चालीत मिळवलं जातं. लेअरला वजनाची एक पट्टी असते. ती एकवर असली की बदल पूर्ण दिसतो, अर्ध्यावर आणली की निम्मा, शून्यावर नेली की मूळ चाल जशीच्या तशी. लेअर म्यूट केला तरी तेच. खाली काही मोडत नाही. या गोष्टीचा मला फार अभिमान होता. नवीन मुलांना शिकवताना मी हे जरा नाटकी आवाजातच सांगायचो.

पहिले लेअर अगदी सरळ होते. त्या पट्ट्यांत बोटांना सेन्सर नव्हते, म्हणून एका लेअरवर बोटं क्रेटच्या कडेवर बसवली. एका ठिकाणी कोपर क्रेटच्या आत घुसत होतं, तेवढ्या भागात ते बाहेर ओढलं. हिरवं नेसवलेली बाई चालू लागली. हुबेहूब वहिनी.

मग कंपनीच्या साहेबांचा व्हिडिओ कॉल आला. क्लिप बघून ते म्हणाले, "चाल छान आहे हो, पण ही मॉडेलसारखी चालतेय. शेतकरी बाई वाटत नाही. थोडी वाकवा. थकलेली दाखवा. लोकांना आपुलकी वाटली पाहिजे."

मी त्यांना सांगू शकलो असतो. एक वाक्य होतं. साहेब, ही शेतकरी बाईच आहे, पहाटे फुलं तोडून बाजार गाठते, माझी सख्खी वहिनी आहे. ते वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं आणि मी म्हणालो, "करतो सर. लगेच होईल." भागीदाराने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

आणि खरंच लगेच झालं. नवीन लेअर घेतला. पाठीचे सांधे थोडे थोडे पुढे झुकवले, नजर जमिनीत जाऊ नये म्हणून मान उचलली, कंबर खाली घेतली. पावलं रिगवर, म्हणजे बाहुलीच्या आतल्या सांगाड्यावर, जमिनीला धरलेली असल्याने कंबर उतरली की गुडघे आपोआप वाकतात. अ‍ॅडिटिव्ह लेअरवर एकच कीफ्रेम, म्हणजे हाताने केलेली एक नोंद, टाकली तरी ती भर सगळ्या क्लिपभर राहते, म्हणून मी एकच टाकली. तेवढ्याने वहिनी पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत वाकली. साहेब म्हणाले अजून थोडी, मी अर्ध्यावर ठेवलेली वजनाची पट्टी एकवर नेली. खोटं कशाला बोलू, मला स्वतःवर खूश व्हायला झालं होतं. वाकलेली असूनही तिच्या पावलांचा ठेका खरा वाटत होता. वाटणारच. पावलं तिचीच होती.

जाहिरात गेली. त्यानंतर एकदा बाजारात फुलं उतरवून दादा आणि वहिनी स्टुडिओवर आले. तिला बघायचं होतं. मी मोठ्या पडद्यावर लावलं. आधी ती साडीच्या रंगावर खूश झाली, मग क्रेटमधली फुलं खरी वाटतात म्हणाली, मग उठून पडद्याजवळ गेली.

"भाऊजी, मी अशी चालते?"

भागीदार शेजारी बसला होता. तिला खरं सांगायचं झालं तर साहेबांचं बोलणं सांगावं लागलं असतं, आणि त्यावर माझं "करतो सर"ही. मी म्हणालो, "सेन्सर आहेत ते, वहिनी. जे असतं तेच पकडतात."

ती म्हणाली, "असंल बाई." दादाने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, चल, उशीर होतोय.

एवढ्यावर ते मिटलं असं मी धरून चाललो. मला तसं धरून चालणं सोयीचं होतं. मग दादाचा फोन आला. "तुझी वहिनी लय विचित्र वागतेय. आरशापुढं आडवी उभी राहून पाठ बघते. क्रेट उचलत नाय, मलाच उचलाय लावते. तिची आई शेवटी पार दुमडली होती ना, आठवतंय? हिला वाटतं आपलंबी सुरू झालं. उद्या हाडाच्या डॉक्टरकडं आणतोय."

मी तेव्हाही फोनवर सांगितलं नाही. डॉक्टर सांगेल काही नाही म्हणून, आणि विषय संपेल, असा हिशेब केला. दुसऱ्याच्या तोंडून आपली सुटका व्हावी, यासारखा नेभळटपणा नाही, पण तो जमतो मला.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला, पाठ ठणठणीत आहे म्हणाले. दवाखान्याच्या बाहेर मी त्यांना भेटलो. वहिनीच्या हातात ते मोठं पाकीट होतं आणि चेहरा तसाच काळजीचा. "डॉक्टरनं उभं करून फोटो काढला," ती मला समजावल्यासारखं म्हणाली. "उभं राहिल्यावर कोणबी सरळच दिसतं. चालताना काय होतं ते तुमच्या मशीननं पकडलं." माझ्या यंत्रावर तिचा डॉक्टरपेक्षा जास्त विश्वास होता, कारण ते मी बांधलं होतं. पार्किंगपर्यंत ती चालली तेव्हा मला दिसलं, एक हात कमरेला लावून, तोलूनमापून, एकेक पाऊल ठरवून टाकत होती. ती चाल मी कधीच बघितली नव्हती. मला तिथे उभं राहवेना.

"वहिनी, स्टुडिओवर चल. दादा, तू पिकअप लाव."

दादा खाली थांबला. मी फाइल उघडली, तिला माझ्या खुर्चीत बसवलं आणि ती वाकलेली क्लिप चालू केली. मग त्या लेअरच्या वजनाची पट्टी हळूहळू मागे ओढली. पडद्यावरची बाई चालता चालता उठत गेली. पाठ सरळ झाली, गुडघे सुटले, मान वर आली. पट्टी शून्यावर पोचली तेव्हा मळ्यातली ती सकाळ जशीच्या तशी चालत होती.

वहिनीने तोंडावर हात ठेवला. "ही मी."

"ही तू. सेन्सरनी हेच पकडलं होतं."

"मग वाकवली कोणी?"

"मी."

मग मी भडाभडा बोलत सुटलो. साहेबांना शेतकरी बाई वाटत नव्हती, मग हा लेअर कसा चढवला, खालची चाल कशी सुरक्षित असते, तिला धक्कासुद्धा लागत नाही, कधीही परत आणता येते. माझाच तो शिकवायचा आवाज मला ऐकू आला आणि कान गरम झाले. तिने सगळं ऐकून घेतलं. पट्टीला तिने स्वतः माऊसने हात लावून बघितला, पुढे नेली, बाई वाकली, मागे आणली, बाई उठली. मग माऊस बाजूला ठेवला.

"तुम्ही त्यांना सांगितलं नाय? ही शेतकरीच हाय म्हणून?"

"नाही सांगितलं."

"का?"

काम जाईल ही भीती होती, असं सांगता आलं असतं. पण तेही पूर्ण खरं नव्हतं. तो माणूस हसला असता, आणि 'माझी वहिनी' म्हणायची त्या क्षणी मला लाज वाटली होती. हे मला स्वतःला पहिल्यांदाच तिच्यासमोर कळलं, आणि ते तिलाही कळलं, कारण तिने पुन्हा विचारलं नाही. इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"आणि बाहेर कोणती गेली? लोकांनी बघितली ती?"

"वाकलेली."

तिने पडद्याकडे बघितलं. तिथे ती ताठ चालत होती, क्लिप संपली की पुन्हा पहिल्यापासून.

"मग हिला सरळ करून मलाच काय दाखवता, भाऊजी?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मी तर सरळच हाय."

तिने पाकीट उचललं, पदर खोचला आणि जिना उतरून गेली. खाली दादाने पिकअप सुरू केल्याचा आवाज आला. मी कंपनीच्या साहेबांचा नंबर काढला आणि फोन हातात धरून बसलो. त्यांना काय सांगायचं ते मला अगदी नीट माहीत होतं. एक वाक्य होतं. मी ते मनात पुन्हा पुन्हा म्हटलं, पण नंबर काही दाबला नाही.