पायाशी ठेवलेला केक

माझ्या थोरल्या जावेशी माझं कधी पटलं नाही आणि पटवून घ्यावं असंही मला कधी वाटलं नाही. म्हातारपणी माणसं मागचं सगळं गोड करून सांगतात. मला ते जमत नाही. आमच्या दोघींमध्ये वैर होतं, ते केकवरून पेटलं आणि केकवरच मिटलं. मिटलं म्हणजे त्यानंतर आम्ही एकमेकींशी बोललोच नाही.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही मालवणात राहत होतो. यजमान मामलेदार कचेरीत कारकून. शेजारी एक ख्रिस्ती विधवा बाई राहायची, तिला मी मावशी म्हणायचे. तिच्याकडून मी केक शिकले. परसात मातीची लहान भट्टी घातली, आणि सासूबाईंच्या नाकावर टिच्चून त्यात अंड्याचा केक भाजू लागले. सासूबाई मासे खायच्या, कोंबडीही खायच्या, पण परसात दुपारभर अंडी फेटणारी सून त्यांना बघवत नव्हती. जाऊबाई त्यांच्या कानाशी लागलेल्या असायच्याच. मला मूल नव्हतं. त्या भट्टीखेरीज त्या घरात माझं म्हणावं असं काही नव्हतं.

कुडाळच्या एका डॉक्टरांची बायको मुंबईची होती. तिने माझ्या हातचा केक कुणाकडे तरी खाल्ला होता. मुलीच्या वाढदिवसाला लोण्याची क्रीम लावलेला पांढरा केक करून द्याल का, आमची मोटार पाठवते, असा तिचा निरोप आला. सासूबाई म्हणाल्या, "एकदा बघूया. चार लोकांत बरो दिसलो तर तुझी भट्टी ऱ्हवांदे. नायतर कुदळ घालून मोडतलंय." माझी भट्टी राहणार की जाणार, हे त्या एका केकवर ठरणार होतं.

वैशाखाचे दिवस. क्रीम म्हणजे काय, तर लोणी आणि वाटून वस्त्रगाळ केलेली साखर. लोण्याला ऊन सोसत नाही, हे पोरालाही कळतं. मी लोणी बर्फाच्या पाण्यात चार वेळा धुतलं, पिळून पाणी काढलं, मग फेटलं. केकला क्रीम लावून तो पहाटेपासून बर्फावरच्या डब्यात ठेवला, म्हणजे निघायच्या वेळी तो आतून-बाहेरून थंड, घट्ट असावा. बर्फ धक्क्यावरचा, माशांचा, भुशात ठेवलेला. तो धुऊन, घट्ट झाकणाच्या वेगळ्या डब्यात भरला, कारण लोणी वास धरतं.

मावशीने एक युक्ती शिकवली होती. बिस्किटांचा मोठा चौकोनी डबा घ्यायचा आणि तो उलटा वापरायचा. झाकण खाली, त्यात नेमकी बसणारी फळी, फळीवर क्रीमचा एक गोळा लावून त्यावर केक चिकटवायचा, आणि वरून डबा टोपीसारखा घालून सुतळीने बांधायचा. म्हणजे केक काढताना खोल डब्यात हात घालावा लागत नाही, डबाच वर उचलायचा. बाजूला आणि वर चार-चार बोटं जागा हवी, नाहीतर पत्रा क्रीमला लागतो.

मोटार सातला यायची होती. ती आली अकराला. डॉक्टरांना कुणाच्या बाळंतपणाला जावं लागलं होतं. ड्रायव्हर वयस्क, मुकाट माणूस होता. आणि तरणी सून परक्या ड्रायव्हरबरोबर एकटी कशी जाईल, म्हणून सोबतीला सासूबाईंनी जाऊबाईंना बसवलं. त्या ठेवणीतलं लुगडं नेसून तयारच होत्या. तमाशा फुकट बघायला मिळत असेल तर कोण सोडतं?

डबा कुठे ठेवायचा हे मी आदल्या दिवसापासून ठरवून ठेवलं होतं. सीट मागे उतरती असते, तिथे केक कलतो. डिकी तापते, शिवाय पेट्रोलचा वास. पुढे ड्रायव्हरशेजारी इंजिनाची धग. मागच्या सीटपुढची पायाजवळची जागा तेवढी सपाट आणि सावलीची. मधला उंचवटा सोडून माझ्या बाजूला मी ओलं गोणपाट चौघडी करून घातलं, म्हणजे डबा सरकणार नाही. त्यावर डबा, डब्यावर ओला पंचा, शेजारी टॉवेलात गुंडाळलेला बर्फाचा डबा. उन्हाच्या बाजूच्या खिडकीत ओलं फडकं अडकवलं. दोघींच्या चपला मी आधीच डिकीत टाकल्या होत्या.

जाऊबाई आत बसल्या, खाली बघितलं आणि म्हणाल्या, "ह्या काय? अन्न पायाकडे?"

"पाय वर घेऊन बसतंय मी," मी म्हटलं. "तुमीय घेवा."

"पाय वर घेतल्यान काय जाता? आमी वर आणि अन्न खाली. लोकांच्या पोरीक तू ह्या खावक घालतलंस?"

"सीटवर ठेवलो तर कलतलो, वयनी."

"कलांदे."

त्या एका शब्दात त्यांच्या मनातलं सगळं आलं. खाडीच्या वाटेने मोटार पलीकडे नेणाऱ्या तरीवर तासभर उन्हात थांबावं लागलं असतं, म्हणून ड्रायव्हरने कसालची वाट धरली. लाल धुरळा खिडकीतून आत येत होता. केसात धूळ जाते म्हणून जाऊबाई काच वर करत, मोटारीत कोंडतं म्हणून मी खाली करी. धुळीचं मला भय नव्हतं, केक डब्यात बंद होता. मला भय होतं उकाड्याचं. असं आमचं कसालपर्यंत चाललं. ड्रायव्हर आरशात बघत होता.

कसालला इंजिनात पाणी घालायला तो थांबला. मी त्याला मोटार वडाखाली घ्यायला लावली, आणि बर्फाच्या डब्यातलं वितळलेलं पाणी ओतायला उतरले. उतरायला नको होतं. परत येऊन बसते तो डबा जाऊबाईंच्या मांडीवर. दोन्ही हातांनी कवटाळून धरलेला, देवाचा टाक धरावा तसा.

"आता खाली ठेवूचंय नाय," त्या म्हणाल्या. "मी मांडयेर घेतंय. काय जाता ता बघतंय."

थोरल्या जावेच्या मांडीवरून वस्तू ओढून घ्यायची, तीसुद्धा बाजारात, परक्या पुरुषासमोर. माझी हिंमत झाली नाही. याची मला अजून लाज वाटते. मोटार सुरू झाली. मांडीची ऊब पत्र्यातून आत जाते हे मला कळत होतं. प्रत्येक वळणावर त्यांचं अंग कले आणि डबाही कले. मैल-दोन मैल गेल्यावर ड्रायव्हर पहिल्यांदा बोलला, "बायांनो, खाचो इलो, धरून बसा." त्यांनी स्वतःला धरलं. डबा सुटला, माझ्या अंगावर आडवा होता होता मी तो सावरला.

मग मात्र मी मोटार थांबवायला सांगितली आणि झाडाखाली डबा उघडला. फळीला चिकटलेला म्हणून केक जागचा हलला नव्हता, पण एका बाजूची क्रीम सैल होऊन ओघळली होती आणि तिथेच पत्र्याला घासली होती. तळहाताएवढा भाग उघडा पडला होता. जाऊबाई बघत होत्या. मी डबा बांधला, खाली गोणपाटावर ठेवला, बर्फ त्याला अगदी लागून लावला आणि मधे आडवी बसले. त्या हात पुढे करतील तर चावायचीही माझी तयारी होती.

कुडाळ येईपर्यंत क्रीम पुन्हा धरली. डॉक्टरांच्या स्वयंपाकघरात मी सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, वाटीभर जादा आणलेल्या क्रीमने ती बाजू सारखी केली. दहा मिनिटांत काही झालंच नव्हतं असा केक उभा राहिला. डॉक्टरीणबाईंनी डोळे मोठे केले. "अहो, या उन्हात हा असा राहिला तरी कसा?"

मी तोंड उघडायच्या आत जाऊबाई बोलल्या. "ऱ्हवतलोच. पायाकडे ठेवलेल्यान हिने. चपलांजवळ."

चपला डिकीत होत्या. हे मी म्हणाले, पण ते कुणी ऐकलं नाही. डॉक्टरांची आई दारात उभी होती. ती म्हणाली, "पायाकडे?" आणि आत निघून गेली. तिच्यामागून दोन-तीन बायका गेल्या. डॉक्टरीणबाईंनी मात्र केक कापला, स्वतः पहिला घास घेतला आणि मुलांना वाटला. मुलांनी फळी चाटून पुसून ठेवली. पण चार लोकांत बरा दिसणं म्हणजे हे नव्हे. घरी गेल्यावर जाऊबाईंनी सगळं सासूबाईंना सांगितलं, कसालनंतरचं तेवढं वगळून. मी सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, थोरली खोटा कित्या बोलात? दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टीवर कुदळ पडली. मी ओसरीवर बसून बघत होते.

सहा-सात वर्षांनी जाऊबाईंची मुलगी मॅट्रिक झाली. पिंगुळीला त्यांच्या भावाकडे जेवणावळ ठरली. तोवर केकची टूम आमच्याकडेही आली होती. त्या माझ्याकडे आल्या. "तसोच पांढरो कर गो," म्हणाल्या. मी केला, मावशीच्या भट्टीत. लोणी चार वेळा धुतलं, केक बर्फावर ठेवला, फळीला चिकटवला, डबा उलटा घातला. करण्यात मी कसूर केली नाही.

भाड्याची मोटार दुपारी दोनला आली. मी बर्फाचा डबा घेतला, गोणपाट ओलं करून खाली घातलं. जाऊबाईंनी गोणपाटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. सगळं त्यांना आठवत होतं. डबा खाली ठेवायचा तर तेव्हाचं बोलणं गिळावं लागलं असतं, आणि मी तो ठेवा म्हणून सांगावं याची त्या वाट बघत होत्या. माझ्या जिभेवर शब्द आले होते. पुतणी पुढे बसली होती, नवं पातळ नेसून.

मी काही म्हणाले नाही. त्यांनी डबा मांडीवर घेतला.

सबंध वाट मी खिडकीबाहेर बघत बसले. बर्फ माझ्या पायाशी गोणपाटावर वितळत होता. पिंगुळीला ओसरीवर सगळ्यांसमोर त्यांनी सुतळी सोडली, डबा वर उचलला. क्रीम फळीभर पसरली होती, केक एका अंगाने उघडा पडला होता आणि सोललेल्या मक्यासारखा पिवळा दिसत होता. पुतणी रडायला लागली. तिचं काहीच चुकलं नव्हतं. तिचं वाईट मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं.

जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांचं लुगडं मांडीवर तुपकट झालं होतं.

"पायाकडे नाय ना ठेवलास, वयनी," मी म्हटलं. "आता सगळी खातली."