उमाच्या पर्समधला हिशेब

पलूसच्या एमआयडीसीत हंबीररावांचा साखर कारखान्यांना लागणारे सुटे भाग बनवायचा छोटा कारखाना आहे. तिथले हिशेब गेली चौदा वर्षं उमाच पाहत होती. मग सांगलीच्या सीए ऑफिसातून अपूर्वा आठवड्याला दोन दिवस येऊ लागली आणि हंबीररावांच्या तोंडी एकच पालुपद बसलं, "अपूर्वा म्याडमना इचारा." उमाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पोरीचं गोड बोलणं तर तिला मुळीच सोसवत नसे.

त्यात जीएसटीच्या ऑडिटमध्ये प्रश्न आला: नफा-तोटा पत्रकातली विक्री वार्षिक विवरणपत्रापेक्षा नऊ लाखांनी जास्त का? उत्तर लिहायचं काम अर्थातच अपूर्वाकडे गेलं. ती फायली उपसत बसली.

उमाला कारण पहिल्याच दिवशी आठवलं होतं. एकतीस मार्चची दोन बिलं त्या महिन्याच्या रिटर्नमधून सुटली होती. ती एप्रिलच्या रिटर्नमध्ये घेऊन तिनंच कर व्याजासकट भरला होता. मागच्या वर्षाची अशी विक्री दाखवायला वार्षिक विवरणपत्रात वेगळी जागा असते. जुन्या सल्लागारानं ती कोरी सोडली आणि एकदा भरलेलं विवरणपत्र दुरुस्त करता येत नाही.

पण कुणाला न सांगता फायलीतल्या बिलांच्या प्रती आणि व्याजाचा हिशेब उमानं पर्समध्ये घातला. जीएसटीच्या साहेबांसमोर ही पोरगी अडखळली, की मग काढायचे! सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी अपूर्वाचे तीन फोन आले. उमानं एकही उचलला नाही, ती भाजी निवडत राहिली.

दुसऱ्या दिवशी सांगलीच्या जीएसटी ऑफिसात हंबीरराव आणि उमाच्या देखत अपूर्वा शांतपणे म्हणाली, "सर, ही विक्री पुढच्या वर्षी एप्रिलच्या रिटर्नमध्ये दाखवलीय. कर भरलाय. उमाताईंनी तेव्हाच नोंदीखाली तसं लिहून ठेवलंय, मला काल संध्याकाळी सापडलं." तिनं फरकाचा तक्ता आणि रिटर्नची प्रत पुढं केली.

जे उमाला मिरवायचं होतं, ते या पोरीनं तिच्याच नावानं सांगून टाकलं होतं.

अधिकाऱ्यांनी तक्ता पाहिला. "त्यातली बिलं कुठायत? आणि व्याज किती दिवसांचं काढलं?"

अपूर्वाकडे ते नव्हतं. हंबीररावांच्या कपाळावर घाम आला. उत्तर पटलं नसतं, तर तोच कर पुन्हा मागितला गेला असता. उमानं पर्स उघडली आणि कागद टेबलावर ठेवले. अधिकाऱ्यांनी ते जुळवून पाहिले, उत्तरासोबत जोडून घेतले आणि फरकाचा खुलासा समाधानकारक असल्याचं सांगितलं.

बाहेर व्हरांड्यात हंबीरराव थांबले. "उमाताई, आमी आठवडाभर ह्या फरकाचं कारण हुडकतोय. ही बिलं तुमच्यापाशी कवापासनं हायत?"

उमा पर्सची चेन लावू लागली.

"काका, काल फोनवर मीच त्यांना आणायला सांगितलं होतं," अपूर्वा म्हणाली.

"आस्सं व्हय? मग झ्याक झालं!" म्हणत हंबीरराव गाडी काढायला गेले.

उमानं अपूर्वाकडे पाहिलं. एवढ्या दिवसांत त्या पोरीचा इतका राग तिला कधीच आला नव्हता.