लाल शाई वगळून

चिखलीच्या कॉलेजात मला पाठीमागे ‘मोजणीवाल्या बाई’ म्हणत. भूमी अभिलेखातले लोक शेत मोजतात तशी मी शब्द मोजायची. पीएचडीला मी जुन्या निनावी लेखांवर काम केलं होतं. लिहिणाऱ्यानं नाव दिलेलं नाही, तर त्याच्या लिहिण्यावरून तो कोण हे शोधायचं. त्यासाठी मोठे, भारदस्त शब्द फारसे कामाचे नसतात, ते माणूस ठरवून वापरतो. ‘पण’, ‘तर’, ‘मग’, ‘सुद्धा’ हे बारके शब्द हातातून नकळत पडतात, ते मोजायचे. वाक्यं किती लांब, शब्द कसे लिहिले, हेही मोजायचं. स्टाफरूममध्ये माझी भरपूर चेष्टा व्हायची आणि मी भरपूर उलट बोलायची. माझं तोंड पहिल्यापासून तिखट. आपल्याला जे येतं ते जिल्ह्यात कुणाला येत नाही, याचा मला माज होता. होताच, नाही कशाला म्हणू?

एका बाजाराच्या दिवशी दुपारी एक शेतकरी विभागाच्या दारात येऊन उभा राहिला. हातात पिशवी, तळाशी विकून उरलेली वांगी. ती पिशवी त्यानं आधी माझ्या टेबलावर ठेवली आणि मग बोलला.

“मॅडम, माही पोरगी तुमच्या हाताखाली शिकली. उंद्रीची. बाजारावर निबंध लिहला होता पाहा तिनं.”

मला झटकन आठवली. म्हटलं, “अहो, ती? कशी आहे ती?”

“गेली मॅडम. सासरी. जीव देला म्हनतात. महिना झाला.”

मी खुर्ची पुढे केली. तो बसला नाही. खिशातून फोन काढला आणि माझ्यापुढे धरला. ती गेली त्या दिवशी तिच्या फोनवरून त्याच्या फोनवर आलेला तो मेसेज होता. त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं, शेजाऱ्याच्या पोरीनं वाचून दाखवला होता.

“बाबा, हा निर्णय मी माझ्या मनाने घेत आहे. यासाठी कोणालाही जबाबदार धरण्यात येऊ नये. मला आता सहन होत नाही. तुम्ही वेळेवर जेवत जा.” अजून चारपाच ओळी अशाच. सगळे मिळून साठ-एक शब्द.

“हे माह्या पोरीनं लिहलं नाई,” तो म्हणाला. “पोरगी मले बा म्हने. तू म्हने. लग्न झाल्यावरबी तूच म्हने. हे तुमी कुठून आलं? जावयानं टाकलं हे तिच्या फोनवरून. तुमी वयखता म्हनते लिहनं. मंग वयखा.”

त्यानं जावयाविरुद्ध तक्रार दिली होती आणि पोलिसांनी जावयाला धरलंही होतं. पण सगळं या मेसेजपाशी, तो कुणाचा हे ओळखण्यापाशी, अडलं होतं. मेसेज तिचा असेल तर ‘कोणालाही जबाबदार धरू नये’ हे तिचे शेवटचे शब्द. तिचा नसेल तर दुसऱ्या कुणीतरी तिच्या मरणाच्या वेळी तिचा फोन हातात घेतला होता. बापाला एवढंच माहीत करून घ्यायचं होतं, की आपली लेक जाताना आपल्याशी बोलली की नाही.

मी कपाट उघडलं. तिचे तीन निबंध मी अकरा वर्षं जपून ठेवले होते, कारण ती मुलगी खरंच लिहायची. बापाबरोबर पहाटे वांग्याची पोती घेऊन बाजारात कसं जायचं, दलालाशी बा कसा बोलतो, दुपारी भज्याच्या गाडीपाशी बा स्वतः न खाता तिलाच कसं खाऊ घालतो, हे सगळं तिनं थेट वऱ्हाडीत लिहिलं होतं. ‘मले’, ‘त्याले’, ‘काऊन’, ‘बा म्हने’. तिन्ही निबंध धरून जेमतेम आठशे शब्द.

हे मोजायला किती कमी आहे, ते मला ठाऊक नव्हतं का? होतं. “काही हजार शब्द हातात नसतील तर तोंड उघडू नका,” हे मी दरवर्षी एमएच्या पोरांना दम देऊन सांगत होते. आणि साठ शब्दांत ‘पण’ एकदाच आलेला, ‘मग’ एकदाही नाही. त्यावर काय मोजणार, कपाळ? एक शब्द इकडचा तिकडे झाला की सगळा हिशोब पलटतो. पण मला राग आला होता. माझी चांगली विद्यार्थिनी मेली होती, तिचा बाप पुढ्यात उभा होता, आणि मेसेजमधलं ते ‘धरण्यात येऊ नये’ मला एखाद्या कारकुनानं लिहिल्यासारखं वाटत होतं.

मी निबंध टाइप करून घेतले. त्यांच्यावर माझ्याच लाल शाईच्या दुरुस्त्या होत्या. त्या रीतीप्रमाणे वगळल्या. दुसऱ्याच्या हातचा शब्द नमुन्यात येता कामा नये, तिनं लिहिलेलं तेवढंच घ्यायचं. मग दोन्हीकडचं मोजलं. अंतर मोठं निघालं. निघणारच होतं.

तपास करणाऱ्या साहेबांनी मत लेखी मागितलं. मी लिहिलं, नमुने अपुरे आहेत, तरी मजकूर मुलीचा नसावा असं वाटतं. ते पोलीस ठाण्यात माझ्यासमोरच वाचून म्हणाले, “मॅडम, सरळ सांगा ना. तिचं हाय का नाई?”

“नाही,” मी म्हटलं.

त्यांनी पेनानं ‘मुलीचा नसावा’ याखाली रेघ ओढली. ‘नमुने अपुरे’ याखाली ओढली नाही. मीही ओढा म्हटलं नाही. बाहेर बाप उभा होता. त्यानं वाकून माझ्या पायाला हात लावला आणि मी लावू दिला. आजही ते आठवलं की मला माझी लाज वाटते.

अडीच महिन्यांनी जावयाच्या वकीलबाई माझ्या घरी आल्या. जावई तोवर आतच होता. बाई तरुण, बोलायला नरम. त्यांनी एक गठ्ठा टेबलावर ठेवला. मुलगी लग्नानंतर सिंदखेडराजाकडच्या एका खाजगी शाळेत सहा वर्षं शिकवत होती. पालकांच्या ग्रुपवर तिनं टाकलेल्या सूचना, पाठाच्या वह्या, एका मैत्रीण शिक्षिकेला केलेले लांबलांब मेसेज, असं सगळं त्यात होतं.

“मॅडम, एकदा हेही मोजून बघाल का?” त्या म्हणाल्या.

पहिल्या पानावरच माझा हात थांबला. ‘मला’, ‘कोणालाही’, ‘स्वच्छता राखण्यात यावी’. मैत्रिणीशी बोलतानासुद्धा तीच भाषा. सगळ्या गठ्ठ्यात ‘मले’ एकदाही नव्हता. मी मोजलं, यावेळी नीट, आठवडाभर. तिचे जुने निबंध आणि तिचंच नवं लिहिणं यांच्यातलं अंतर, निबंध आणि मेसेज यांच्यातल्या अंतरापेक्षा जास्त निघालं. म्हणजे ती स्वतःपासूनच इतकी लांब गेली होती. एक माणूस स्वतःपासून किती लांब जाऊ शकतो हे माहीत नसताना, ‘हे तिचं नाही’ असं मी कशाच्या जोरावर बोलले? तीन निबंध, तेही एकाच वर्षातले. त्यावरून मी अकरा वर्षांनंतरची बाई ओळखायला निघाले होते.

मग तो मेसेज तिचाच का? तेही नाही सांगता येत. नव्या लिहिण्याच्या तो जवळ होता खरा. पण त्याच मैत्रीण शिक्षिकेचं लिहिणं मागवून ताडून पाहिलं, तर मेसेज तिच्याही तितकाच जवळ निघाला. साठ शब्दांत शाळामास्तरी मराठी लिहिणारं कुणीही बसतं. जावयानं लिहिलेलं तर काहीच माझ्याकडे नव्हतं.

वकीलबाई गेल्यावर मी मूळ निबंध पुन्हा काढले. यावेळी लाल शाई वाचली. प्रत्येक ‘मले’वर काट, वर ‘मला’. ‘काऊन’वर काट, वर ‘का’. ‘बा’वर काट, वर ‘बाबा’. ‘तू’च्या भोवती गोल आणि समासात माझं अक्षर: ‘वडिलांना तुम्ही म्हणावे. स्पर्धेच्या पुण्याच्या परीक्षकाला हे गावंढळ वाटेल.’ शेवटी ‘छान. बोली सोडलीस तर पुढे जाशील.’ शास्त्र म्हणून मी जे वगळलं होतं, तेच तिनं मन लावून घोकलं होतं, निदान लिहिताना तरी. तोंडानं बापाला ती शेवटपर्यंत ‘बा’च म्हणत राहिली आणि लिहायची वेळ आली की मी आठवत असणार. मी त्या दुपारी जेवले नाही. मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

माझं पहिलं मत मी लेखी मागे घेतलं. साहेब फोनवर म्हणाले, “मॅडम, आधी नाही म्हनता, आता माहीत नाही म्हनता, काऊन हो?” जावयाला जामीन मिळाला. तो दोषी होता का, ते मला आजही माहीत नाही. पुढचं कोर्टाकडे आहे.

बापाला सांगायला मी उंद्रीला गेले. तो वाफ्यात होता. हात धुऊन आला, बाज टाकली, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. निबंध, गठ्ठा, लाल शाईसुद्धा.

“मंग हे तिचं हाय का नाई?”

“भाऊ, मला नाही सांगता येत. कुणालाच नाही येणार.”

“तुमी तवा नाई म्हनल्या होत्या.”

“चुकले मी.”

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं फोन काढून माझ्या हातात दिला. “मॅडम, तुमीच शिकवलं ना तिले असं लिहाले? मंग आता उलटं करा. हेच आपल्या बोलीत वाचा. ते म्हनली असती तसं.”

मी नको म्हटलं. तो हात जोडायला लागला. म्हणून मी वाचलं.

“बा, म्या माह्याच मनानं ठरवलं. कोनाचं नाव नको घेऊ. मले आता सहन नाई होत. तू टाइमावर जेवत जाय.”

त्यानं डोळे मिटले. मग त्याची मान हलली.

“हाव,” तो म्हणाला. “आता बोलली. हे माहीच पोरगी हाय.” आणि तोंडावर उपरणं धरून तो हमसून हमसून रडायला लागला.

त्यातला एक शब्दही तिनं लिहिलेला नव्हता. ते मी केलेलं होतं. याची मी त्याला आठवण करून दिली नाही.