दोन पुढं, एक मागं

आमच्या सांगलीच्या कॉलेजात दादासो गणित शिकवायचा, मी फिजिक्स. वडूजकडच्या एका धनगरवाडीतला हा माणूस. वडील धुळाआण्णा जन्मभर मेंढरांमागं हिंडलेले. घरात कॉलेजची पायरी चढलेला दादासो पहिलाच, आणि दोन वर्षं आमच्याकडं 'तात्पुरता' होता. १९७४च्या फेब्रुवारीत त्याचा एक तास बघायला प्राचार्य आणि बाहेरचे एक तज्ज्ञ येणार होते. तास जमला तर नोकरी कायम, नाही तर गाठोडं बांधायचं.

शिकवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. हे मी मैत्रीखातर म्हणत नाही. मैत्रीखातर खोटं बोलायचा माझा स्वभावच नाही.

तासाला त्यानं डिरिश्लेची कसोटी निवडली, म्हणजे न संपणारी बेरीज एका ठरावीक संख्येकडं जाते का, हे ओळखायची एक रीत. अधिक-उणे एकाआड एक आलं की पोरांचं निभतं. पण दोन अधिक, दोन उणे अशी जोडीजोडीनं चिन्हं आली की तीच पोरं गांगरतात. दादासो सांगायचा, ''दोनच गोष्टी तपासा. आकडे एकाच दिशेनं घटत शून्याकडं जातायत का? आणि नुसत्या चिन्हांची बेरीज करत गेलं, तर ती ठरलेल्या हद्दीत राहते का? दोन्ही जमलं, तर सगळी बेरीज एका ठरावीक संख्येकडं जाते.''

हद्द समजवायला त्याच्याकडं गजी होती. गजी म्हणजे ढोलावरचा धनगरी नाच. तो फळ्यासमोरच्या चौथऱ्यावर उभा राहायचा. अधिक म्हणजे एक पाऊल पुढं, उणे म्हणजे एक मागं. दोन पुढं, दोन मागं. माणूस फिरून जागेवर. बेरीज एक, दोन, एक, शून्य, पुन्हा तेच. पोरं हसायची आणि जन्मभर विसरायची नाहीत.

त्या दिवशी मागच्या बाकावर प्राचार्य, तज्ज्ञ आणि शेजारी मी. दादासोचा सदरा पाठीला चिकटला होता. त्यानं एक, एक द्वितीयांश, एक तृतीयांश अशी पदं मांडली, पण चिन्हं लिहिली दोन अधिक, एक उणे. त्यांच्या वाडीत देवळाकडं मिरवणूक निघाली की पुढं सरकायची चाल हीच: दोन पुढं, एक मागं. घाबरलेल्या माणसाचे पाय लहानपणीच्याच चालीवर पडतात, दुसरं काय?

''ही बेरीजही ठरावीक संख्येकडं जाते,'' असं म्हणत तो चालून दाखवू लागला. दोन पुढं, एक मागं. दोन पुढं, एक मागं. तिसऱ्या खेपेला चौथरा संपला आणि त्याचा पाय खाली फरशीवर आला.

तो तिथंच थांबला. मागं कोणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. प्राचार्य घड्याळ बघत होते, तज्ज्ञ पानाचा डबा चाचपत होते. 'आता असो' म्हणून पुढं गेला असता तर संध्याकाळी मीच पेढे मागितले असते. मनातल्या मनात मी त्याला म्हणत होतो, गड्या, गप राहा.

''मी चुकलो,'' दादासो म्हणाला. ''ही चिन्हं हद्द सोडून जातात. एक, दोन, एक, मग दोन, तीन, दोन. ही कसोटी इथं लागतच नाही.'' त्यानं फळा पुसला नाही. ''पण कसोटी लागत नाही एवढ्यावरून बेरीज फुगतेच, असंही म्हणायचं नाही. ते वेगळं दाखवायला पाहिजे.'' मग त्यानं तीन-तीन पदांचे गट केले. प्रत्येक गटात दुसरं पद उणे झालेल्या तिसऱ्यापेक्षा मोठं, म्हणून गटाची बेरीज पहिल्या पदापेक्षा जास्त. आणि ही पहिली पदं, एक, एक चतुर्थांश, एक सप्तमांश, यांचीच बेरीज कुठं थांबत नाही. ते होतंय तोवर घंटा झाली. ठरवलेला धडा अर्धा राहिला.

पंधरवड्यानं निकाल आला: विषयावर पकड नाही. मी प्राचार्यांच्या खोलीत जाऊन तावातावानं बोललो. ते शांतपणे म्हणाले, ''फळ्यावर चुकले हो ते. तुम्हीच बघितलंत ना?'' बघितलं होतं, म्हणून तर अंगाचा तिळपापड झाला.

सामान न्यायला धुळाआण्णा आले होते. दादासोच्या खोलीत घोंगडं टाकून बसले. दादासो पुस्तकं बांधत होता, कोणाकडं बघत नव्हता.

''काय चुकलं म्हनायचं तुजं?'' त्यांनी विचारलं.

''फळ्यावर चुकीचं लिवलं, आण्णा.''

''आन् मग?''

''मग ध्यानात आलं. पोरांस्नी सांगितलं, बरोबर करून दावलं.''

''पोरांस्नी कळलं?''

''कळलं.''

धुळाआण्णांनी बांधलेला एक गठ्ठा आपल्याकडं ओढून घेतला. मग माझ्याकडं वळून त्यांनी साधंच विचारलं, ''आवं सर, मग ह्येला काढला कशापायी?''