शॉवरचा फिल्टर आणि माझं अर्धं डोकं

विश्रामबागला पार्लर सुरू केल्यावर पहिले चार महिने मला वाटत होतं, की माझा हातच बिघडलाय.

त्याआधी सहा वर्षं मी साताऱ्यात एका बाईंच्या पार्लरमध्ये काम केलं होतं. तिथे गिऱ्हाइकाचे केस धुऊन टॉवेल काढला, की बोटं केसांतून सरसर फिरायची. लग्न होऊन सांगलीत आले, एका अपार्टमेंटच्या तळमजल्यावर गाळा घेतला, शाम्पू तोच, कंडिशनर तोच, तरी धुतलेले केस काथ्यासारखे लागायचे. वाळले की राठ, ओले असताना चिकट. एक बाई आरशात बघत म्हणाल्या, "घरी धुतले तरी असेच होतात, मग इथं कशाला येऊ?" त्या परत आल्या नाहीत. मी मात्र तो दिवसभर माझीच बोटं बघत बसले.

मग एकदा बेसिन घासताना लक्ष गेलं. नळाच्या तोंडाशी पांढरा दगडासारखा थर बसला होता. चमच्यानं खरवडला तर टकटक आवाज झाला. इमारतीच्या टाकीत निम्मं पाणी महापालिकेचं आणि निम्मं बोअरचं पडतं, आणि उन्हाळ्यात बोअरचंच जास्त. म्हणजे दोष माझ्या हाताचा नव्हता, पाण्याचा होता. मला इतका आनंद झाला, की मी समोरच्या टपरीवरून स्वतःसाठी भजी मागवली.

त्याच आठवड्यात एक विक्रेता आला. गुळगुळीत बोलणारा, इस्त्रीचा शर्ट घातलेला तरुण माणूस. त्याच्या पिशवीत शॉवरला लावायचा फिल्टर होता, मुठीएवढा, चकचकीत. त्यानं दोन ग्लास मांडले. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात फिल्टरमधून आलेलं. दोन्हींत कसल्याशा औषधाचे थेंब टाकले. नळाचं पाणी पिवळं झालं, फिल्टरचं होतं तसंच राहिलं.

"बघा मॅडम," तो म्हणाला, "हे सगळं तुमच्या केसांवर जात होतं."

मी तिथल्या तिथं एक घेतला. केस धुवायच्या खुर्चीमागे हँडशॉवर होता, त्याला त्यानं स्वतः बसवून दिला. आणि खरं सांगते, त्या दिवशी मला केस मऊ लागले. मऊ लागावेत अशी इतकी इच्छा होती, की ते लागलेच. मी उत्साहात तीन गिऱ्हाइकांना तोच फिल्टर घ्यायला लावला. त्यातल्या एक इथल्याच शाळेतल्या शिक्षिका. आंघोळीनंतर त्यांचे हातपाय कोरडे पडून खाजायचे. "पाण्याचाच त्रास आहे बाई तुम्हाला," मी डॉक्टरच्या थाटात सांगितलं होतं.

दोन महिन्यांनी माझे सासरे आले. ते पलूसजवळच्या गावात राहतात. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, आता ऊस बघतात. सांगलीला काम असलं की आमच्याकडे जेवतात. त्या दिवशी पार्लरमध्ये गिऱ्हाईक नव्हतं म्हणून आत आले, खुर्चीवर टेकले, आणि फिल्टरकडे बघत राहिले.

"ह्ये काय बसवलंयस?"

"पाणी मऊ करायचा फिल्टर आहे, मामा."

त्यांनी तो हातात धरून सगळीकडून फिरवून बघितला. "मग ह्यात मीठ कुटं घालायचं?"

मला हसू आलं. "मीठ? पाण्यात मीठ कशाला?"

"आगं सूनबाई, पाणी मऊ करायचं म्हंजे मीठ लागतंच की. राजस्थानात पोस्टिंगला हुतो तवा युनिटात टाकी हुती, ही एवढी." त्यांनी हात छातीपर्यंत नेला. "आत बारीक मण्यांसारखं काय तरी भरलेलं. ते पाण्यातला चुना धरून ठेवायचं. मणी भरलं की मिठाचं पाणी सोडून धुवायचं, मगच परत काम करायचं. ह्या मुठीएवढ्या डबड्यात ते कसं मावंल?"

"पण मी डोळ्यानं बघितलं ना. पाणी पिवळं झालं होतं."

"ते आमीबी करायचो. पाण्यात क्लोरीन हाय का न्हाई बगायला. क्लोरीन येगळा, चुना येगळा." मग ते उठले. "तुज्याकडं बाटल्या हायत का रिकाम्या? तीन. झाकणाच्या."

मी बाटल्या दिल्या. त्यांनी अंगाच्या साबणाची वडी चाकूनं किसली आणि गरम पाण्यात विरघळवली. एका बाटलीत नळाचं पाणी, दुसरीत फिल्टरचं, तिसरीत माझ्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी, कारण त्यात चुना नसतो. तिन्हींत पाण्याचं माप सारखं, साबणाचे थेंबही सारखे. मग तिन्ही बाटल्या अशा आवेशात हलवल्या, की शेजारचा मेडिकलवाला डोकावून गेला.

बॅटरीच्या पाण्याच्या बाटलीत फेस झाकणापर्यंत चढला. नळाच्या बाटलीत फेस नावाला, आणि पाणी फाटलेल्या दुधासारखं गढूळ, वर मळकट पुंजके. फिल्टरची बाटली मी हातात घेतली आणि मनात म्हटलं, निदान थोडा तरी फरक असू दे. तीही तशीच. गढूळ, पुंजके आणि वर दोन केविलवाणे बुडबुडे.

"व्हय की न्हाई?" मामा म्हणाले. जिंकल्याचा आनंद लपवायचा त्यांनी जराही प्रयत्न केला नाही.

मी विक्रेत्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, आपण क्लोरीनच दाखवलं होतं. ते तर जातंय ना?" खरंच होतं. त्यानं हार्ड वॉटर हा शब्द हजार वेळा उच्चारला होता, पण हा फिल्टर ते मऊ करतो असं वाक्य मला आठवेना. ते वाक्य मी माझ्या मनानंच जोडलं होतं.

आता त्या तिघींना सांगायचं होतं. दोघी फोनवरच हसल्या. शिक्षिकेकडे मात्र मी घरी गेले, कारण त्यांच्या अंगाची खाज तशीच होती. मला वाटलं त्या चिडतील. त्यांनी चहा टाकला आणि आत जाऊन त्वचेच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणली.

"मीच तुम्हाला सांगायला लाजत होते," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाल्या, फिल्टरनं काही होणार नाही. मोठं मिठाचं यंत्र घरभर बसवलं तरी खाज जाईलच असं सांगता येत नाही. त्यांनी साबणच बंद केला."

"आंघोळ कशानं करता मग?"

"साबण नसलेलं एक क्लेन्झर दिलंय. त्याचा या पाण्याशी साबणासारखा चोथा होत नाही. आंघोळ पाच मिनिटांत, कोमट पाण्यानं. आणि अंग ओलसर असतानाच क्रीम. पंधरा दिवसांत निम्मा फरक पडलाय."

बाटल्यांतले ते पुंजके माझ्या डोळ्यांसमोर आले. साबण आणि चुना मिळून तोच थर त्यांच्या अंगावर राहत होता, आणि मी त्यांना वर एक डबडं विकत घ्यायला लावलं होतं. चहा पिताना मला दोनदा ठसका लागला.

केसांचं मात्र अजून सुटलं नव्हतं. माझ्या कपाटात चिलेटिंग शाम्पूची एक बाटली पडून होती, शिकायला गेले होते तिथे मिळालेली. बाटलीमागच्या घटकांच्या यादीत ईडीटीए लिहिलं होतं. ते केसांवर चिकटलेल्या चुन्याला पकडतं आणि पाण्याबरोबर वाहून जातं, एवढं वर्गात ऐकलेलं आठवत होतं. पण एकदा फसल्यावर मी ऐकीव गोष्टीवर जायला तयार नव्हते. मी भांग पाडला. उजवं डोकं नेहमीच्या शाम्पूनं धुतलं, डावं या शाम्पूनं, तीन मिनिटं ठेवून. दोन्हीकडे एकच कंडिशनर. आणि तशीच दिवसभर कामाला उभी राहिले. आलेल्या प्रत्येक बाईला म्हणायचे, "जरा माझे केस चाचपता का? कुठली बाजू बरी?" कुणालाच काही सांगितलं नव्हतं. अकरा जणींपैकी नऊ जणींनी डावी बाजू सांगितली. दहावीनं "दोन्हीकडं कोंडा दिसतोय" म्हणून सांगितलं. अकरावीनं मला बरं नाही का म्हणून विचारलं.

हुरळून जाऊन मी तोच शाम्पू रोज वापरायला लागले आणि आठवड्यात केस पुन्हा कोरडे पडले. तेव्हा कळलं, की तो दहा-पंधरा दिवसांतून एकदा पुरतो, आणि त्यानंतर कंडिशनर सोडायचा नाही.

ही सगळी परीक्षा झाली आणि पुढच्याच आठवड्यात पलूसहून एक नवरी आली. लग्नाला बारा दिवस होते. तिच्याकडे शेतातल्या बोअरचं पाणी. केस कमरेपर्यंत, पण निस्तेज, आणि ती रडवेली. "ताई, लय गळत्यात ओ. लग्नापतूर टक्कल पडंल माजं. तो फिल्टर घेऊ का? मोबाईलवर बगितलाय."

मी तिच्या ओढणीवरचे केस वेचून तिच्या तळहातावर ठेवले. "हे बघ. मुळापासून पडलेल्या केसाच्या टोकाला पांढरा ठिपका असतो. तुझे हे सगळे आखूड तुकडे आहेत, ठिपका नाही. म्हणजे केस गळत नाहीत, राठ होऊन मधेच तुटतायत. डोकं आहे तसं आहे तुझं."

तिनं एकेक तुकडा उजेडात धरून बघितला. पाचव्या तुकड्यानंतर ती हसली.

मी तिचे केस चिलेटिंग शाम्पूनं दोनदा धुतले, भरपूर कंडिशनर लावला, आणि शेवटचं पाणी आमच्या प्यायच्या पाण्याच्या आरओ यंत्राचं एक तांब्याभर घातलं, कारण त्यात चुना जवळजवळ नसतो. केस वाळवताना तिच्या आईनं मागून हात फिरवला आणि नुसतं "आगं बया" म्हणाली. फिल्टर घेऊ नकोस म्हणून मी सांगितलं तेव्हा दोघींनी माझ्याकडे संशयानं बघितलं. पार्लरवाली वस्तू घेऊ नका म्हणते, हे त्यांना नवीन होतं.

हळदीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच शाम्पूची बाटली घेऊन त्यांच्या घरी गेले. अंगणात पाण्याची पिंपं भरून ठेवलेली. नवरीचे हळदीनं माखलेले केस धुऊन झाले, ते उन्हात सोडले, आणि ते असे मोकळे पसरले की तिची चुलती पुढे सरसावली.

"आवं ताई, माजंबी जरा बगा की. माज्या केसांत फणीच शिरत न्हाई."

मग मावशी आली. मग आत्या. मग दोन करवल्या. मी पदर खोचला. अकरा वाजेपर्यंत अंगणात सात बायका ओले केस पाठीवर टाकून ओळीनं उन्हाला बसल्या होत्या, एकमेकींचे केस चाचपत होत्या आणि नवरदेवाकडच्यांना यातलं काही सांगायचं नाही असं ठरवत होत्या. बाटली उलटी करून, आत पाणी घालून खळखळ हलवून, शेवटचा फेस मी नवरीच्या आजीच्या चार पांढऱ्या केसांना लावला. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाल्या, "चोळ गं पोरी अजून जरा, बरं वाटतंय."