निद्राधीन

तेव्हा मी कंडक्टर होतो. सोनगीरजवळ आमची बस रस्ता सोडून बाभळीला टेकली. कोणाला लागलं नाही. पण आरशात मी पाहिलं होतं, आमच्या ड्रायव्हर आबांचे डोळे मिटलेले होते.

धुळ्याच्या डेपोत मी अहवालात लिहिलं, ‘आबांचा जरा डोळा लागला.’ हेडक्लार्कनं कागद माझ्याकडे भिरकावला. “घरी पत्र लिहिताय का? लिहा, चालक वाहन चालवीत असताना निद्राधीन झाल्याचे निदर्शनास आले.”

आबांच्या डुलकीचा एकदम गुन्हा झाला होता, आणि त्यांच्या निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. मी नव्या कागदावर लिहिलं, ‘वाहन रस्त्याच्या कडेस उतरल्याचे आढळून आले. कारण समजून आले नाही.’ हेडक्लार्कनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि शिक्का मारला. भाषेत खोट नव्हती.

आबा दाराशीच उभे होते. “बठ्ठं लिखं का रे भाऊ?”

“बठ्ठं, सगळं लिहिलं,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याला पुन्हा आबाच होते. गाडी खच्चून भरलेली. लोक तिकिटं मागत होते, आणि मी आरशातल्या त्यांच्या पापण्या मोजत उभा होतो.